ॲपर्चर प्रायॉरिटी: नव्या कॅमेऱ्यासोबतचे पहिले तीन आठवडे

२ नोव्हेंबर

कॅमेरा काल घरी आला. प्राथमिक श्रेणीचा आहे आणि सोबत १८ ते ५५ मिलिमीटरची, बहुतेक नव्या कॅमेऱ्यांबरोबर मिळते तीच झूम लेन्स आहे. घरातल्या माणसांचे, त्यातही सहा वर्षांच्या मुलीचे आणि दोन वर्षांच्या मुलाचे फोटो नीट काढता यावेत, एवढ्यासाठीच तो घेतला. पूर्ण स्वयंचलित मोडवर काल पन्नासेक फोटो काढले. ते वाईट नव्हते, पण कोणत्या फोटोत पार्श्वभूमी धूसर होईल आणि कोणत्यात होणार नाही, हे कॅमेराच ठरवत होता आणि त्याने तसे का ठरवले हे मला समजत नव्हते. म्हणून पुढचे तीन आठवडे केवळ ॲपर्चर प्रायॉरिटी या एकाच मोडवर काम करायचे आणि जे दिसेल ते तारखेनिशी लिहून ठेवायचे, असे ठरवले आहे.

माझ्या कॅमेऱ्याच्या गोल चकतीवर हा मोड A या अक्षराने दाखवला आहे. काही कंपन्या त्यालाच Av म्हणतात. या मोडमध्ये लेन्सचे छिद्र किती उघडायचे हे मी ठरवते, आणि फोटो योग्य उजेडाचा यावा यासाठी शटर किती वेळ उघडे ठेवायचे हे कॅमेरा ठरवतो. छिद्राचा आकडा एफ या अक्षरापुढे लिहितात. तो आकडा भागाकारातून येतो, म्हणून उलटा चालतो: लेन्सच्या फोकल लांबीला, म्हणजे १८ ते ५५ मधल्या ज्या आकड्यावर लेन्स असेल त्याला, छिद्राच्या व्यासाने भागले की तो मिळतो, त्यामुळे आकडा लहान असेल तर छिद्र मोठे असते. एफ/४, ५.६, ८, ११, १६ या क्रमाने प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. माझ्या कॅमेऱ्यावर चाक तीनदा टिकटिकले की अशी एक पायरी पूर्ण होते. आज फक्त चाक फिरवून हे आकडे पाहिले. छिद्राचा आकडा वाढवला की शेजारचा शटरचा आकडा आपोआप बदलतो, हेही पाहिले, पण त्या दुसऱ्या आकड्याचे महत्त्व आज माझ्या ध्यानात आले नव्हते.

३ नोव्हेंबर

सायंकाळी मुलगी खिडकीजवळ चित्र काढत बसली होती. खिडकीचा मऊ उजेड तिच्या चेहऱ्यावर एका बाजूने पडत होता. आयएसओ, म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील राहील ते सांगणारा आकडा, कमी ठेवला तर फोटो स्वच्छ येतो, असे वाचले होते, म्हणून तो १०० वर पक्का केला, लेन्स ५५ वर नेली आणि छिद्र जास्तीत जास्त उघडे, म्हणजे एफ/५.६ ठेवले. तीस फोटो काढले. मागच्या लहान पडद्यावर सगळे चांगले दिसले, पण संगणकावर मोठे करून पाहिले तेव्हा त्यांतले दोनच वापरण्याजोगे निघाले.

छिद्र मोठे ठेवल्यामुळेच फोटो धूसर आले, असा माझा पहिला समज झाला. रात्री दादाला दोन फोटो पाठवले. त्याने त्यांच्यासोबत साठवलेली माहिती उघडायला सांगितली आणि म्हणाला, "तू छिद्राकडे पाहत बसलीस, शटरचा आकडा पाहिलाच नाहीस. तो १/८ आहे. सेकंदाचा आठवा भाग म्हणजे लहान मुलाच्या हातासाठी फार मोठा काळ आहे."

त्याचे म्हणणे बरोबर होते. या मोडमध्ये कॅमेरा मला काहीच नाकारत नाही. मी छिद्र सांगितले, आयएसओ पक्का केला, आता त्याच्या हाती एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे शटरचा वेळ. उजेड कमी होता, म्हणून त्याने तो वाढवत १/८ पर्यंत नेला. फोटोचा उजेड अगदी योग्य आला, म्हणून कॅमेऱ्याच्या दृष्टीने काहीच चुकले नव्हते आणि त्याने कोणतीही सूचना दिली नाही.

यानंतर तेच तीस फोटो एकेक करून शंभर टक्के मोठे करून पाहिले आणि धूसरपणाचे तीन प्रकार वेगळे करता आले. पहिल्या प्रकारात टेबलाची कड आणि खडूची डबी अगदी रेखीव होती, पण मुलीचा हात आणि केसांची बट पुसल्यासारखी झाली होती. येथे कॅमेरा स्थिर होता आणि माणूस हलला होता. दुसऱ्या प्रकारात टेबल, मुलगी, भिंत असे सगळेच एकाच दिशेने सरकल्यासारखे दिसत होते, आणि प्रकाशाचा लहान ठिपकाही छोट्या रेघेसारखा झाला होता. तेथे माझा हात हलला होता. तिसऱ्या प्रकारात चेहरा सर्व बाजूंनी सारखाच मऊ होता, पण त्याच्या मागचा पडदा स्पष्ट होता, म्हणजे फोकस चुकीच्या जागी बसला होता. तिसऱ्या प्रकारचे फोटो फक्त चार निघाले. उरलेले जवळजवळ सगळे पहिल्या प्रकारचे होते. लेन्समध्ये कंपन कमी करणारी सोय आहे, पण ती फक्त माझ्या हाताचे हलणे भरून काढते. मुलीचे हलणे ती थांबवू शकत नाही.

५ नोव्हेंबर

आज त्याच वेळी, त्याच खिडकीपाशी पुन्हा बसलो. हलक्या हालचाली करणाऱ्या मुलासाठी १/२५० हा वेग पुरतो, असे दादाने सांगितले होते, आणि धावणाऱ्यासाठी १/५०० धरावा. १/८ पासून १/२५० पर्यंत जायचे तर पाच पायऱ्या चढाव्या लागतात: १/१५, १/३०, १/६०, १/१२५, १/२५०. प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो, म्हणून तेवढ्याच पाच पायऱ्यांनी आयएसओ वाढवायचा: २००, ४००, ८००, १६००, ३२००. हिशेब कागदावर मांडला, आयएसओ ३२०० केला आणि पडद्यावर खरोखरच १/२५० उमटले. तीसपैकी एकवीस फोटोंत डोळे आणि बोटे स्पष्ट आली. मोठे करून पाहिल्यावर सावलीच्या भागात वाळूसारखे कण दिसतात, हे खरे आहे. पण कण असलेला स्पष्ट चेहरा पाहता येतो, छापताही येतो. पुसलेला चेहरा मात्र नंतर काहीही केले तरी परत मिळत नाही, म्हणून मी कण पत्करले.

दुपारी वेगळाच प्रसंग घडला होता, तोही लिहून ठेवते. सकाळी याच आकड्यांचा सराव करून आयएसओ ३२०० वरच राहिला होता, आणि मुलांना घेऊन भर उन्हात मैदानावर गेले. शटरचा आकडा ४००० दाखवत लुकलुकत होता. मी त्याकडे दुर्लक्ष केले. घरी आल्यावर पाहिले, तर सगळे फोटो पांढरेफटक झाले होते. स्वच्छ उन्हात एफ/५.६ आणि आयएसओ १०० असताना शटर साधारण १/१००० लागते. आयएसओ बत्तीसपट वाढवला की तेच १/३२००० होते. माझ्या कॅमेऱ्याचे शटर १/४००० पेक्षा वेगाने चालत नाही, म्हणून हवा त्याच्या आठपट प्रकाश आत गेला. लुकलुकणारा आकडा म्हणजे कॅमेऱ्याची हतबलता होती: तुम्ही मागितलेल्या छिद्रावर योग्य उजेड साधण्याइतका वेग माझ्याजवळ नाही, असे तो सांगत होता. अशा वेळी आयएसओ उतरवावा किंवा छिद्राचा आकडा वाढवावा.

घरात कमी उजेड आणि बाहेर ऊन, अशी ये-जा दिवसभर चालते, तेव्हा आयएसओ हाताने बदलत राहणे माझ्याकडून सुटणारच होते. म्हणून रात्री मेनूमध्ये ऑटो आयएसओ सुरू केला आणि त्याला दोन मर्यादा घालून दिल्या: शटर १/२५० पेक्षा हळू होऊ द्यायचे नाही आणि आयएसओ ६४०० च्या वर जाऊ द्यायचा नाही. काही प्राथमिक कॅमेऱ्यांत शटरची अशी किमान मर्यादा ठरवता येत नाही. त्यांत ऑटो आयएसओ साधारणपणे लेन्सच्या लांबीवरून वेग निवडतो, जो हाताच्या कंपासाठी पुरेसा असतो, पण मुलांच्या हालचालीसाठी कमी पडतो. तेथे आयएसओ हातानेच ठरवावा लागेल. माझ्या कॅमेऱ्यातही ही मर्यादा पूर्ण भरवशाची नाही. दिवे लावल्यावर कोपऱ्यातल्या अंधाऱ्या जागी आयएसओ ६४०० ला पोहोचला, त्यापुढे वाढवायला जागा राहिली नाही, आणि कॅमेऱ्याने १/२५० सोडून शटर १/६० वर आणले. म्हणून आकडा पाहण्याची सवय ठेवावीच लागते.

८ नोव्हेंबर

आज ज्यासाठी हा मोड निवडला त्याकडे वळले: धूसर पार्श्वभूमी.

सुरुवातीलाच एक गोंधळ झाला. लेन्स १८ वर असताना छिद्र एफ/३.५ वर ठेवले आणि फिरवत ५५ वर नेली, तर आकडा आपोआप ५.६ झाला. कॅमेरा बिघडला आहे असे वाटले. तसे नाही. लेन्सवर १:३.५-५.६ असे जे लिहिलेले असते, त्याचा अर्थच असा, की १८ च्या रुंद टोकाला छिद्र जास्तीत जास्त ३.५ पर्यंत उघडेल आणि ५५ च्या लांब टोकाला ५.६ पर्यंतच. मधल्या लांबीवर मधले आकडे मिळतात.

आता प्रश्न असा पडला, की धूसरपणासाठी लहान आकडा हवा, तर १८ वर एफ/३.५ ठेवून जवळून फोटो काढावा, की ५५ वर एफ/५.६ ठेवून लांबून काढावा? आकडा पाहिला तर पहिला पर्याय बरा वाटतो. उत्तर मिळवण्यासाठी मुलीची बाहुली स्टुलावर ठेवली. मुले इतका वेळ एका जागी बसत नाहीत आणि त्यांना बसवूही नये. बाहुली चौकटीत दोन्ही वेळा सारख्याच आकाराची दिसावी, अशा बेताने दोन फोटो काढले: ५५ वर १ मीटर २० सेंटिमीटर अंतरावरून आणि १८ वर सुमारे ४० सेंटिमीटरवरून. मागची भिंत बाहुलीपासून चार मीटर दूर होती.

५५ वरच्या, एफ/५.६ च्या फोटोत पार्श्वभूमी कितीतरी अधिक विरघळली होती. कारण त्या पहिल्या दिवशीच्या भागाकारात आहे. १८ ला ३.५ ने भागले तर छिद्राचा प्रत्यक्ष व्यास जेमतेम ५ मिलिमीटर येतो, आणि ५५ ला ५.६ ने भागले तर जवळजवळ १० मिलिमीटर. शटरला किती प्रकाश मिळेल ते एफच्या आकड्यावर ठरते, पण दूरची पार्श्वभूमी किती पसरेल ते या प्रत्यक्ष व्यासावर ठरते. फार दूरच्या एखाद्या दिव्याचा ठिपका फोटोत पसरून जी चकती होते, ती विषयाच्या जागी मोजली तर नेमकी या व्यासाएवढी असते. म्हणजे ५५ वर दूरचा दिवा बाहुलीच्या चेहऱ्यावर ठेवलेल्या १० मिलिमीटरच्या नाण्याएवढा दिसेल, १८ वर त्याच्या निम्म्या रुंदीचा. शिवाय १८ वर इतक्या जवळून काढलेल्या फोटोत बाहुलीचे नाक फुगलेले आणि कान मागे गेलेले दिसत होते. माणसाच्या चेहऱ्याचेही तसेच होईल. हा एक प्रयोग झाल्यावर चेहऱ्यासाठी लेन्स ५५ वर न्यायची, हे माझ्यापुरते पक्के झाले.

मग लेन्स ५५ वर, छिद्र ५.६ वर आणि बाहुली १ मीटर २० सेंटिमीटरवर, असे सगळे तसेच ठेवून केवळ भिंतीचे अंतर बदलत गेले. स्टूल भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर असताना भिंतीवरच्या कॅलेंडरची अक्षरे वाचता येत होती. एक मीटरवर ती वाचता येईनात, पण तारखांचे चौकोन कळत होते. चार मीटरवर कॅलेंडरचा नुसता रंगाचा डाग उरला. भूमितीने हिशेब केला तर पसरलेल्या ठिपक्याचा व्यास तीन ठिकाणी अनुक्रमे सुमारे २, ४.५ आणि ७.५ मिलिमीटर येतो. मी एफच्या आकड्याला हातही लावला नव्हता, तरी धूसरपणा जवळजवळ चौपट झाला. सोबत आलेल्या लेन्सने पार्श्वभूमी धूसर होत नाही, अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. ती करणाऱ्यांनी आधी आपला विषय भिंतीपासून दूर उभा करून पाहावा, असे मला आजच्या प्रयोगानंतर ठामपणे वाटते.

९ नोव्हेंबर

कालची मांडणी आज मुलीवर वापरली. बागेत, मागची झाडी बरीच दूर. पार्श्वभूमी सुंदर आली, पण दहा फोटोंपैकी चारांत डोळे मऊ आणि पुढे धरलेले फूल मात्र अगदी रेखीव होते. ३ तारखेच्या वर्गीकरणातला हा तिसरा प्रकार, फोकसचा.

या अंतरावर, या लेन्सने, एफ/५.६ वर स्पष्ट दिसणारी खोली, म्हणजे पुढून मागेपर्यंत जेवढे रेखीव येते ते अंतर, सुमारे १० सेंटिमीटर असते. चेहऱ्यासाठी ती पुरते, नाकाच्या टोकापासून कानापर्यंत जवळजवळ सगळे तीत मावते. मात्र फोकस फुलावर बसला आणि फूल चेहऱ्यापेक्षा वीतभर पुढे असले, तर डोळे तिच्या बाहेरच राहतात. कॅमेरा फोकसचा बिंदू स्वतः निवडत होता आणि जी वस्तू सर्वांत जवळ असेल तिच्याकडे त्याचा कल होता. फोकसचे क्षेत्र एका बिंदूवर आणले, तो बिंदू जवळच्या डोळ्यावर ठेवला, आणि चारांचा आकडा एकावर आला.

१२ नोव्हेंबर

मुलगा खिडकीच्या चौकटीत चढून बसला, पाठ बाहेरच्या उजेडाकडे. फोटोत खिडकी उत्तम आली आणि मुलाचा चेहरा काळवंडला. कॅमेरा संपूर्ण चौकटीचा उजेड मोजतो आणि सगळे मिळून मध्यम यावे असा प्रयत्न करतो. चौकटीचा मोठा भाग उजळ असला की तो प्रकाश कमी करतो, आणि त्याची किंमत चेहऱ्याला द्यावी लागते.

ॲपर्चर प्रायॉरिटीमध्ये यावरचा उपाय म्हणजे + आणि - लिहिलेले एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचे बटण. ते +१ केल्यावर चेहरा उघडला, +१.३ वर हवा तसा आला. खिडकीबाहेरचे आकाश पांढरे झाले, ते मी मान्य केले, कारण मला फोटो मुलाचा हवा होता. छिद्राला कॅमेरा हात लावत नाही, म्हणून हा जादा उजेड त्याला दुसरीकडूनच आणावा लागतो. आयएसओ पक्का असता तर शटर १/२५० वरून १/१०० पर्यंत उतरले असते. माझा ऑटो आयएसओ सुरू होता, म्हणून शटर तसेच राहिले आणि आयएसओ ८०० वरून २००० झाला. हे बटण फिरवताना दोन्ही आकड्यांपैकी कोणता हलला, ते पाहणे आवश्यक आहे.

आणखी एक गोष्ट. माझ्या कॅमेऱ्यात ही दुरुस्ती कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला तरी तशीच राहते. संध्याकाळी काढलेले वीस फोटो फिके आले, तेव्हा सकाळचे +१.३ तसेच राहिल्याचे कळले. आता काम झाले की ते शून्यावर आणल्याशिवाय झाकण लावायचे नाही.

१६ नोव्हेंबर

आज घरातली सात माणसे एकत्र होती. चार जण बाकावर, तीन जण त्यांच्या मागे उभे. झाडाची दाट, पण उजळ सावली. गटाचा फोटो असेल तर छिद्र लहान करावे, एफ/११ किंवा १६ ठेवावे, म्हणजे मागची रांगही स्पष्ट येईल, हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि मीही तो निमूटपणे पाळला. लेन्स २४ वर, अंतर चार मीटर, एफ/१६. सावलीत आयएसओ ४०० पुरेसा आहे असे वाटून मी तो हाताने पक्का केला होता, त्यामुळे शटर १/६० वर आले. मोठ्यांचे चेहरे उत्तम होते. मांडीवरच्या मुलाचे डोके मात्र पाचही फोटोंत पुसले गेले होते.

सगळ्यांना थांबायची विनंती करून मी दोन मिनिटे बाजूला झाले आणि खोलीचा हिशेब मोबाइलवर करून पाहिला. चार मीटरवर फोकस, लांबी २४, छिद्र एफ/५.६: स्पष्ट दिसणारी खोली साधारण सव्वादोन मीटरपासून अठरा मीटरपर्यंत येते. माझ्या दोन रांगांनी व्यापलेली जागा फार तर एक मीटर होती. म्हणजे एफ/१६ ने मिळणारी जादा खोली मला कशासाठीही नको होती, आणि तिच्यासाठी मी शटरच्या तीन पायऱ्या देऊन बसले होते. चेहरा जवळून ५५ वर काढताना खोली सेंटिमीटरांत मोजावी लागते, तर अंतर वाढले आणि लेन्स रुंद झाली की तीच मीटरांत जाते. आकडा तोच, पण त्याचा परिणाम अंतरावर इतका अवलंबून असतो, हे या दोन आठवड्यांत मला सर्वांत उशिरा कळले.

एफ/५.६ केल्यावर आयएसओ ४०० वरच शटर १/५०० झाले. फोकसचा बिंदू पुढच्या रांगेतल्या आजींच्या डोळ्यावर ठेवला आणि एकामागून एक बारा फोटो घेतले, कारण सात जणांत कोणाचे तरी डोळे मिटलेले असतातच. संगणकावर पाहिले तेव्हा मागच्या रांगेतल्या काकांच्या चष्म्याच्या काड्याही रेखीव होत्या. कडेला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा मधल्यापेक्षा किंचित मऊ आहे. ते खोलीमुळे नव्हे, या लेन्सच्या कडा मध्यभागाएवढ्या तीक्ष्ण नसतात म्हणून. एफ/८ वर काढलेल्या दोन फोटोंत तो चेहरा थोडा सुधारला आणि शटर तरीही १/२५० राहिले. पुन्हा असा फोटो काढला तर एफ/८ पासूनच सुरुवात करेन. एफ/१६ च्या फोटोंत, हलणारे मूल बाजूला ठेवले तरी, मोठ्यांच्या कपड्यांची वीण किंचित बोथट दिसते. अगदी लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्याचा हा परिणाम आहे आणि तो लेन्स बदलून जात नाही.

२० नोव्हेंबर

दादाने आपली ५० मिलिमीटर, एफ/१.८ लेन्स दोन दिवसांसाठी दिली. ही झूम होत नाही. आज सायंकाळी पुन्हा तीच खिडकी, तीच मुलगी, तेच टेबल. ५.६ ऐवजी १.८ ठेवले तर प्रकाश जवळजवळ दसपट मिळतो, आणि तसेच झाले: १/२५० वर आयएसओ ३२०० ऐवजी ३२० पुरला. सावलीतले कण नाहीसे झाले.

पण पंचवीसपैकी नऊच फोटो ठेवता आले. दोन आठवड्यांपूर्वी, आयएसओ ३२०० वर, त्याच खिडकीपाशी तीसपैकी एकवीस ठेवता आले होते. या लेन्सने, एफ/१.८ वर, सव्वा मीटर अंतरावरून स्पष्ट खोली केवळ ४ सेंटिमीटर असते. मुलीने चेहरा थोडा वळवला की एक डोळा रेखीव आणि दुसरा मऊ होतो. ती चित्राकडे झुकली तर फोकस बसल्यानंतर आणि बटण दाबण्याआधी चेहराच त्या चार सेंटिमीटरांच्या बाहेर जातो. छिद्र एफ/२.८ केले. खोली साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास आली, आयएसओ ८०० झाला, आणि पुढच्या पंचवीसांत अठरा फोटो मिळाले. त्यांतला एक, खडू तोंडाजवळ धरून खिडकीबाहेर पाहतानाचा, छापण्यासाठी काढून ठेवला आहे. उद्या लेन्स परत करायची आहे, त्याआधी सकाळच्या उजेडात एफ/४ वर हीच जागा पाहायची आहे.